हवालदार की किल्लेदार? ‘शब्दसमूहाबद्दल एक शब्द’ आणि चाकणचा वेढा

आजचा धागा एका गुणावरून सुरू होतो. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाळुंगे लागते. तेथे राहणाऱ्या माझ्या भाचीने मराठीच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र मला पाठवले. प्रश्न ओळखीचा होता : शब्दसमूहाबद्दल एक शब्द लिहा. ‘किल्ल्याचा प्रमुख अधिकारी’ या शब्दसमूहापुढे तिने ‘हवालदार’ असे लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती. अपेक्षित उत्तर ‘किल्लेदार’. छायाचित्राखाली तिचा प्रश्न : “मामा, तुम्हीच तर सांगितलं होतंत की शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार असायचा. मग माझं चुकलं कुठे?”

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. फुली योग्य आहे असे म्हणावे, तर सभासदाची बखर तिच्या बाजूने उभी राहते. फुली चुकीची म्हणावी, तर व्याकरण बाईंच्या बाजूने उभे राहते. हा अर्ध्या गुणाचा वाद आपण नीट सोडवला, तर जुने कागद वाचताना उपयोगी पडणारे एक हत्यार हाती येते. म्हणून थोडे सविस्तर.

प्रथम शब्द उघडून पाहू. ‘किल्लेदार’ या शब्दात दोन भाग आहेत. ‘दार’ हा फारसी प्रत्यय. त्याचा अर्थ धारण करणारा, बाळगणारा. किल्ला धारण करणारा तो किल्लेदार. येथे शब्दसमूह शब्दाच्या पोटातच आहे. फोडला की बाहेर येतो. आता ‘हवालदार’ फोडा. ‘हवाला’ म्हणजे सोपवणूक. आपण आजही ‘माझ्या हवाली केले’ असे म्हणतो. तेव्हा हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. काय हवाली केले आहे, हे मात्र शब्द सांगत नाही. त्यात किल्ला नाही, घोडा नाही, पोलीस ठाणेही नाही.

म्हणूनच हा शब्द शिवकाळात एकाच वेळी तीन ठिकाणी नांदत होता. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत गडाच्या कारभाऱ्यांमध्ये हवालदार येतो. त्याच बखरीत पागेतील पंचवीस स्वारांवरचा अधिकारीही हवालदारच आहे. अशा पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पायदळातही दहा माणसांचा नाईक आणि पाच नायकांवर पुन्हा एक हवालदार. तिन्ही ठिकाणी शब्दाचा गाभा एकच, सोपवलेली वस्तू मात्र वेगळी. आजचा पोलीस हवालदार हा याच गाभ्याचा नंतरचा वारस.

थोडक्यात, शब्दांचे दोन स्वभाव असतात. काही शब्दांचा अर्थ त्यांच्या घडणीतच दिसतो. काहींचा अर्थ वापराने ठरतो आणि घडण केवळ त्याची दिशा दाखवते. आपल्या जुन्या व्याकरणकारांनी यांना यौगिक आणि रूढ अशी नावे दिली. ‘किल्लेदार’ यौगिकाकडे झुकतो, ‘हवालदार’ रूढाकडे.

रूढ शब्द किती फसवा असतो, हे पाहायचे तर सैन्यातील दोन शब्द घ्या. स्वतःचा घोडा आणि स्वतःची शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा स्वार तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा, सरकारचे शस्त्र वापरणारा तो बारगीर. हे दोन शब्दसमूह इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. आता शब्द फोडून पाहा. शिलेदार म्हणजे नुसता शस्त्रधारी. स्वतःचा घोडा त्यात कोठेच नाही. बारगीर म्हणजे ओझे घेणारा! मूळ फारसीत हा शब्द ओझ्याच्या जनावराकडे बोट दाखवतो. केवळ घडणीवरून अर्थ लावणारा विद्यार्थी येथे बारगिराला हमाल ठरवून मोकळा होईल. दोघांतला खरा फरक, म्हणजे घोडा कोणाच्या मालकीचा हा फरक, वापराने त्या शब्दांत भरला आहे. आणि तो फरक क्षुल्लक नव्हता. घोडा ज्याचा, त्याची निष्ठा विकत घ्यायला अधिक किंमत पडत नाही. म्हणूनच महाराजांचा भर पागेवर, म्हणजे सरकारी घोड्यांवर होता.

(पागेचा विषय निघालाच आहे म्हणून : पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालीने पाणी पुरवणारा तो पखालजी, घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा तो नालबंद. दोन्ही शब्द घडणीतूनच अर्थ सांगतात. परीक्षेत येत नाहीत, याचे वाईट वाटते.)

आता उलट दिशा. शब्द दिला असता शब्दसमूह लिहिणे हे काम सोपे समजले जाते, पण ते अधिक कठीण आहे. एक शब्द आठवला की आठवला. शब्दसमूह मात्र रचावा लागतो, आणि रचताना तीन प्रकारे चूक होऊ शकते. त्या तीन चुकांना आपल्या न्यायशास्त्राने फार पूर्वी नावे देऊन ठेवली आहेत. लक्षण, म्हणजे व्याख्या, करताना ती नको त्या वस्तूंनाही लागू पडली तर ‘अतिव्याप्ती’. हव्या त्या सगळ्या वस्तूंना लागू पडली नाही तर ‘अव्याप्ती’. आणि एकाही वस्तूला लागू पडली नाही तर ‘असंभव’. शास्त्राच्या विद्यार्थ्यांना यासाठी गाईचे उदाहरण देत. ‘जिला शिंगे आहेत ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते. ‘जी कपिला रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते. ‘जिचे खूर अखंड आहेत ती गाय’ म्हटले तर जगातील एकही गाय उरत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो.

ही तीन नावे लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर महाळुंग्याहून चाकणला या. तेथे संग्रामदुर्गाचे अवशेष आहेत. १६६० च्या मे महिन्यात शायिस्ताखान पुण्यास पोहोचला आणि जूनच्या उत्तरार्धात त्याने चाकणला वेढा घातला. गडावर फिरंगोजी नरसाळा होते. हा वेढा दोन महिन्यांना थोडे कमी दिवस चालला. भर पावसाळ्याचे ते दिवस. खानाने मोर्चे लावले, तोफा चढवल्या, आणि अखेरीस एका बुरुजाखालपर्यंत सुरुंग नेऊन १४ ऑगस्ट रोजी तो उडवून दिला. बुरूज त्यावरील माणसांसह उडाला. खिंडारातून आत शिरू पाहणाऱ्या मोगलांना गडकऱ्यांनी तो दिवस थोपवून धरले आणि दुसऱ्या दिवशी गड शत्रूच्या हाती गेला.

या एका परिच्छेदातील चार शब्द घेऊ आणि त्यांचे शब्दसमूह करू.

‘किल्ला’. वर्गात हमखास मिळणारे उत्तर : डोंगरावर बांधलेली तटबंदी. सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या मुलाला हे स्वाभाविक वाटते. पण मग ज्या किल्ल्यासाठी दोन्ही बाजूंची माणसे त्या पावसाळ्यात मेली, तो चाकणचा किल्ला किल्लाच उरत नाही. कारण तो सपाट जमिनीवर आहे. ही अव्याप्ती. त्यासाठी मराठीने वेगळा शब्द ठेवलाच आहे : भुईकोट. भुईकोटाला डोंगराचा कडा नसतो, म्हणून त्याचे संरक्षण तट आणि खंदक यांवर उभे राहते. व्याख्येतील चूक येथे थेट इतिहासातील चूक होते. किल्ला म्हणजे डोंगर असे डोक्यात बसले, की शायिस्ताखानाला सुरुंग तटाखाली नेता कसा आला, हे कळत नाही.

‘खंदक’. उत्तर : खोल खणलेला चर. मग घराच्या पायासाठी खणलेला चरही खंदक. महाळुंग्याच्या औद्योगिक वसाहतीत जलवाहिनीसाठी खणलेला चर तर फारच मोठा खंदक! ही अतिव्याप्ती. ‘किल्ल्याच्या तटाभोवती संरक्षणासाठी खणलेला खोल चर’ असे म्हटले की बाकीचे सगळे चर बाहेर जातात. चर ही जात झाली. तटाभोवती आणि संरक्षणासाठी हे तिला वेगळे करणारे विशेष. उत्तम शब्दसमूहाला ही दोन्ही अंगे लागतात. जात गाळली तर वाक्य अधांतरी राहते, विशेष गाळला तर भरकटते.

‘सुरुंग’. येथे गंमत आहे. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे जमिनीखालचा मार्ग. संस्कृतातील ‘सुरुङ्गा’ हीही तीच. मराठीने मार्गासाठी ‘भुयार’ आणि पुढे ‘बोगदा’ हे शब्द वापरले आणि ‘सुरुंग’ हा शब्द त्या मार्गाच्या टोकाशी ठासलेल्या दारूसाठी राखून ठेवला. म्हणून मराठीत सुरुंग लावतात, पेरतात, उडवतात. त्यातून कोणी चालत जात नाही. ‘जमिनीखालील गुप्त मार्ग’ या शब्दसमूहापुढे कोणी ‘सुरुंग’ लिहिले, तर त्याला हिंदी चित्रपट पाहण्याची सवय आहे, एवढेच समजावे.

‘मोर्चा’. आज हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येते? फलक, घोषणा, कारखान्याच्या दारापाशी किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे निघालेली माणसांची रांग. मागणी मांडण्यासाठी समूहाने काढलेली मिरवणूक. हा शब्दसमूह घेऊन १६६० च्या चाकणला जा. ‘खानाने किल्ल्याभोवती मोर्चे लावले’ या वाक्याचा अर्थ काय होईल? एकही जुना मोर्चा या व्याख्येत बसणार नाही, हा असंभव. वेढ्यातील मोर्चा म्हणजे हल्ल्यासाठी वा मारगिरीसाठी आडोसा करून धरलेली जागा. तो चालत नसे, बसत असे. ‘मोर्चेबांधणी’ या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. चालणारी मिरवणूक कोणी बांधत नाही.

जुन्या कागदांत असंभव हाच सर्वांत धोक्याचा दोष, कारण तो दिसत नाही. वाक्य वाचता येते, शब्द ओळखीचा असतो, मनात चित्रही उभे राहते, आणि ते संपूर्ण चुकीचे असते. महाळुंग्याच्या कोणत्याही मुलाला विचारा, कारखाना म्हणजे काय? तो खिडकीतून हात दाखवेल. यंत्रांच्या साहाय्याने वस्तूंचे उत्पादन होण्याचे ठिकाण. त्याचे वडील तेथेच तीन पाळ्यांत कामाला असतात. आता तोच मुलगा सभासद बखरीत वाचतो, की महाराजांच्या राज्यात अठरा कारखाने होते. त्याच्या मनात काय उभे राहील? धुराडी, भट्ट्या, घाऊक प्रमाणावर तयार होणाऱ्या तलवारी. एका व्याख्यानात मी हे चित्र खरोखरच रंगवलेले ऐकले आहे आणि टाळ्याही ऐकल्या आहेत.

त्या अठरांची नावे पाहा. त्यांत पीलखाना आहे, म्हणजे हत्ती ठेवण्याची जागा. उष्टरखाना आहे, म्हणजे उंटांची. अंबरखाना धान्याचा, आबदारखाना पाण्याचा, दफ्तरखाना कागदपत्रांचा, नगारखाना वाद्यांचा, तालीमखाना कुस्तीचा. तोफखाना आणि दारूखानाही आहेत. पण हत्ती कोणी उत्पादित करत नाही. ‘कार’ म्हणजे काम, ‘खाना’ म्हणजे घर. तेव्हाचा कारखाना म्हणजे राज्याच्या एकेका कामासाठी ठेवलेले खाते, साठा आणि माणसे. गडावरील कारखानीस हा आजचा कारखानदार नव्हे. धान्य, दारूगोळा, सामान यांच्या जमाखर्चाची लेखणी त्याच्या हाती असे. ‘नीस’ हे ‘नवीस’चे मराठी रूप, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा चिटणीस, फारसी लिहिणारा पारसनीस. आडनावांच्या यादीत हा स्वाध्याय सोडवून ठेवलेला आहे, आणि ती आडनावे धारण करणाऱ्यांना बहुधा त्याची कल्पना नसते.

शब्दाचा अर्थ बदलला आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. शब्दाचा शब्दसमूह करा. मग तो शब्दसमूह, मूळ शब्द न दाखवता, दुसऱ्याला द्या आणि त्याला एक शब्द विचारा. तोच शब्द परत आला तर व्याख्या टिकली. दुसराच आला तर कोठेतरी गळती आहे. मी याला जाऊन-येऊन कसोटी म्हणतो. भाचीच्या उत्तरावर ती लावू या. ‘किल्लेदार’ याचा शब्दसमूह करा : किल्ल्याचा प्रमुख अधिकारी. परत फिरा : किल्लेदार. ‘हवालदार’ याचा शब्दसमूह करा, आणि आज दहापैकी दहा जण पोलिसांतील हुद्दा सांगतील. परत फिरल्यावर गड लागतच नाही. प्रश्नात काळ दिलेला नव्हता, तेव्हा फुली देणाऱ्या बाईंचे चुकले नाही.

पण ही कसोटी केवळ वहीपुरती नाही. शिवराज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, मंत्र्यांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे दिली गेली आणि त्याच सुमारास रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश रचला गेला. दरबारी व्यवहारातील फारसी-अरबी शब्दांसाठी संस्कृत पर्याय देणारा हा पद्यमय कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. त्यांत दुर्गवर्गही आहे. या कामगिरीचे कौतुक सगळेच करतात. त्यातील अडचण मात्र फारशी कोणी दाखवत नाही, म्हणून येथे थांबतो.

एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे म्हणजे मधला शब्दसमूह मनात धरून केलेला दुहेरी प्रवास असतो. फारसी शब्द उघडायचा, त्याचा अर्थ पाहायचा, त्या अर्थाला संस्कृत शब्द शोधायचा. आता आपली कसोटी लावा. सरनोबताचा सेनापती झाला. सेनापती म्हणजे सेनेचा पती. षष्ठी तत्पुरुषाचा विग्रह शाळेतला मुलगाही करील. सरनोबताच्या ‘सर’मध्ये प्रमुखपण आहे, ‘नौबत’ या शब्दात मात्र पहाऱ्याची पाळी आणि नगारा. नवा शब्द जुन्यापेक्षा स्वच्छ निघाला. शिवाय गडावरच्या सरनोबताशी होणारा घोटाळाही मिटला, कारण गडावरच्या शिबंदीच्या प्रमुखालाही सरनोबतच म्हणत. पेशव्याचा प्रधान झाला. ‘पेश’ म्हणजे पुढे, ‘प्रधान’ म्हणजे मुख्य, हेही जुळले.

मुजुमदाराचा अमात्य झाला. येथे पाहा. मुजुमदार हा एकूण जमेचा हिशेब धरणारा. ‘मजमू’ म्हणजे एकत्र केलेले, बेरीज. आणि अमात्य? ‘अमा’ म्हणजे जवळ, बरोबर. अव्ययापासून ‘त्य’ प्रत्यय लागून शब्द बनवण्याचा नियम पाणिनीने सांगितला आहे आणि अमात्य हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अमात्य म्हणजे राजाच्या जवळ असणारा. हिशेब कोठे गेला? वाकनीस हा घडलेल्या गोष्टींची टिपणे लिहिणारा. त्याचा मंत्री झाला. मंत्री म्हणजे मसलत देणारा. लेखणी कोठे गेली? कामे पूर्वीचीच राहिली. अमात्य जमाखर्च पाहत होता, मंत्री राजाच्या दिनचर्येची नोंद ठेवत होता. पण ते काम आता शब्दाच्या बाहेर, जाबत्यात लिहावे लागले. पूर्वी ते शब्दाच्या पोटात होते.

हा दोष मी कोशकारांच्या माथी मारत नाही. राज्य नवे होते आणि राजाने राज्याभिषेक शक सुरू केला होता. मुजुमदाराच्या जागी ‘जमालेखक’ असा नेमका पण किरकोळ शब्द घडवण्यापेक्षा ‘अमात्य’ या शब्दाची प्रतिष्ठा त्यांना मोलाची वाटली असणार. माझ्या मते तो निर्णय राजकीय होता आणि त्या अर्थाने योग्य होता. पुढची गोष्ट मात्र बोलकी आहे. अठराव्या शतकात सत्ता ज्याच्या हाती गेली, त्याला लोकांनी प्रधान म्हटले नाही; पेशवाच म्हटले. पुण्याच्या हिशेबाची लेखणी ज्यांच्या हाती होती, ते नाना फडणीसच राहिले.

एकोणिसाव्या शतकात हाच स्वाध्याय छापखान्यात गेला. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याचे पान उघडले की प्रत्येक मराठी शब्दापुढे लांबलचक शब्दसमूह. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. थॉमस कँडीने १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशात उलट वाट धरली आणि तेथे कित्येक इंग्रजी शब्दांपुढे एक मराठी शब्द न सापडल्याने मराठीत शब्दसमूह लिहावे लागले. त्यांपैकी पुष्कळ जागा पुढे नव्या शब्दांनी भरल्या. हा भाग आवरता घेतो, कारण मला ज्या शब्दाकडे यायचे आहे तो खेड तालुक्यातील प्रत्येक गावाच्या कागदात आहे. महाळुंग्याच्याही.

तो शब्द ‘कूळ’. घरात त्याचा अर्थ घराणे, वंश. कुळाचार, कुळधर्म हे त्याचेच सोयरे. महसुलाच्या भाषेत मात्र दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ. वहीत हे उत्तर पूर्ण गुणांचे आहे. आता त्याला न्यायशास्त्राची कसोटी लावा. ‘दुसऱ्याची जमीन कसणारा’ या शब्दसमूहात कोण कोण येते? खंडाने जमीन घेतलेला शेतकरी येतो. पण वडिलांच्या नावावरची जमीन नांगरणारा मुलगाही येतो, कारण जमीन त्याच्या नावावर नाही. रोजंदारीवर खुरपणारा मजूर येतो. सालाने ठेवलेला गडी येतो. कर्ज देऊन जमीन गहाण आणि ताब्यात घेतलेला सावकारही येतो. वहीत ही अतिव्याप्ती कोणाला बाधत नाही. कायद्यात बाधते.

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे चौथे कलम म्हणजे माझ्या दृष्टीने या स्वाध्यायाचे सर्वांत गंभीर उत्तर आहे. त्याचा आशय आपल्या भाषेत असा. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती कूळ मानली जाईल, जर ती जमीन मालक स्वतः कसत नसेल. आणि जर ती व्यक्ती मालकाच्या कुटुंबातील नसेल, जर ती वेतनावरील नोकर वा मजूर नसेल, आणि जर ती ताब्यासह गहाणदार नसेल. मुलगा बाहेर, मजूर बाहेर, सावकार बाहेर. अतिव्याप्तीची एकेक फट बुजवली.

त्यातही मजुराविषयीचा बारकावा पाहण्यासारखा आहे. वेतन रोख मिळो वा धान्यात, तो नोकरच. पण मोबदला पिकाच्या हिश्शात मिळत असेल तर तो या अपवादात येत नाही. हे का, ते एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, दोघे जण एकाच मालकाच्या दोन शेतांत राबतात. पहिल्याला हंगामाच्या शेवटी ठरलेली दहा मण ज्वारी मिळते, पीक बुडाले तरी मिळते. दुसऱ्याला पिकाचा अर्धा वाटा मिळतो. वीस मण पिकले तर दहा, काहीच पिकले नाही तर काहीच नाही. सुगीच्या दिवशी दोघांच्या घरी पोहोचलेली ज्वारी सारखीच. पण दुसऱ्याने पावसाची जोखीम घेतली आहे, पहिल्याने नाही. तीन शब्द गाळले असते, ‘पिकाच्या हिश्शात नव्हे’ एवढेच, तर प्रत्येक मालकाने आपल्या अर्धेलकऱ्याला धान्यावरचा गडी ठरवले असते. व्याख्या अव्याप्त झाली असती आणि जो खरा कूळ तोच बाहेर राहिला असता.

आणि बाहेर राहण्याची किंमत मोठी होती. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी, कायद्याच्या अटी पुऱ्या करणारे कूळ आपण कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची आणि हप्त्यांनी फेडायची. एका शब्दसमूहात आपण बसतो की नाही, यावर एका माणसाचे नाव सात-बारावर कोणत्या रकान्यात राहील हे ठरले. पुढे चाकण परिसरात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी संपादित होऊ लागल्या, तेव्हा मोबदल्याचा धनादेश कोणाच्या नावाने निघेल, याचा शोध घेत माणसे त्याच जुन्या फेरफारांपर्यंत मागे गेली. ‘कूळ म्हणजे काय’ हा प्रश्न तेथे अर्ध्या गुणाचा नव्हता.

आता भाचीचे उत्तर. मी तिला लिहिले : “प्रश्नात काळ नव्हता, म्हणून ‘किल्लेदार’ बरोबर आणि तुझी फुली कायम. पण ‘शिवकालीन गडाचा प्रमुख अधिकारी’ असा प्रश्न असता, तर तू बाईंशी वाद घालायला हवा होतास आणि तोही फक्त एका शब्दासाठी नव्हे.” कारण सभासद सांगतो की गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच प्रतीचे असत आणि कारभार तिघांनी मिळून करायचा असे. दरवाजाच्या किल्ल्या एकाकडे, लेखन दुसऱ्याकडे, शिबंदी तिसऱ्याकडे. एकटा फितला तरी गड जाऊ नये, अशी ती योजना. घेरा मोठा असला तर तटाचे भाग पाडून त्यांवर पाच-सात तटसरनोबत निराळे. म्हणजे त्या शब्दसमूहात चुकीचा शब्द ‘किल्लेदार’ नव्हे, ‘हवालदार’ही नव्हे, चुकीचा शब्द ‘प्रमुख’ आहे.

तिचे उत्तर रात्री उशिरा आले. “मग तिघांना मिळून एक शब्द कोणता?”

‘गडकरी’ म्हणावे, तर त्यात गडावरचा साधा पाईकही येतो. अतिव्याप्ती. अजून विचार करतो आहे. आपणांपैकी कोणाला सुचला तर खाली लिहा.